ताप उतरला, पण बीपी कोसळलं: लघवीच्या इन्फेक्शनमधून होणारा सेप्सिस तासातासाने कसा ओळखायचा

सेप्सिस म्हटलं की ‘रक्तात इन्फेक्शन पसरलं’ असं आपण म्हणतो. अर्थ साधारण कळतो, पण त्यात एक गफलत आहे. सेप्सिसमध्ये जंतू रक्तात सापडतातच असं नाही. बऱ्याच पेशंटमध्ये रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, शेवटपर्यंत कोरं येतं. खरी गडबड शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारात असते. जंतूंशी लढायला निघालेली यंत्रणा बेताल होते आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू, हृदय अशा अवयवांचंच काम बिघडवते. संसर्ग आणि त्यामुळे अवयव बिघडायला लागणं, या दोन्ही गोष्टी जमल्या की तो सेप्सिस. त्यात रक्तदाब इतका उतरला की सलाईन देऊनही टिकत नाही आणि तो धरून ठेवायला औषध लावावं लागतं, तर तो सेप्टिक शॉक.

न्यूमोनिया, पोटातलं इन्फेक्शन, मधुमेह्याच्या पायाची जखम, बाळंतपणानंतरचा ताप, कशातूनही सेप्सिस होऊ शकतो. इथे एकच वाट शेवटपर्यंत पाहू: लघवीचं इन्फेक्शन आणि त्यात मूतखडा अडकलेला. एकतर हे घरोघरी दिसतं. दुसरं म्हणजे सुरुवात इतकी किरकोळ वाटते की पहिले बारा तास हमखास वाया जातात.

बीपी का उतरतं

शेतातली मोटार आणि पाइप डोळ्यांसमोर आणा. मोटार तीच, विहिरीत पाणीही तेवढंच. पण अचानक सगळे पाइप दुप्पट रुंद झाले आणि सांधे झिरपू लागले, तर शेवटच्या वाफ्यात पाण्याला जोर राहणार नाही. सेप्सिसमध्ये नेमकं हेच होतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्यं भरमसाट सुटतात, त्यामुळे वाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. त्याच वेळी केशवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर ऊतींमध्ये जातं. म्हणून दोन दिवसांनी पेशंट सुजलेला दिसतो, तरी वाहिन्यांच्या आत रक्ताचा भराव कमीच असतो. पुढे हृदयाचे स्नायूही मंदावतात.

शरीर सुरुवातीला हे भरून काढतं. हृदय जोरात पळवतं, श्वास वाढवतं. त्यामुळे बीपीचा आकडा काही तास बरा दिसतो. म्हणजे नाडी आणि श्वास आधी बदलतात, बीपी मागाहून पडतं. बीपी पडायची वाट बघत बसलात, तर भरपाईची ताकद संपायची वाट बघत बसलात असंच झालं.

आणखी एक चकवा. शॉक म्हटलं की हातपाय गार पडलेले असणार असं आपल्याला वाटतं. सेप्सिसमध्ये वाहिन्या रुंदावलेल्या असल्याने सुरुवातीला हात गरम आणि लालसर असू शकतात. नंतर गार पडतात. त्यामुळे ‘हात गरम आहेत, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा.

एका रात्रीचा हिशोब

उदाहरण रचलेलं आहे, पण आकडे असेच येतात. एक आजी, वय ६८, वजन ६० किलो. दहा वर्षांपासून मधुमेह आणि ब्लडप्रेशर. गोळी चालू असताना बीपी एरवी १४८/८८ असतं, नाडी ८० च्या आसपास. दोन दिवसांपासून लघवीला जळजळ आणि उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला दुखतंय.

रात्री दहाला हुडहुडी भरली. दात वाजतील, पलंग हलेल अशी. ही नुसती थंडी वाजणं नव्हे. दोन गोधड्या घेऊनही अंग थरथरत राहतं, तेव्हा जंतू किंवा त्यांचे विषारी अंश रक्तात उतरत असण्याची शक्यता मोठी असते. ताप १०२ फॅरनहाइट. पॅरासिटामॉल ६५० ची गोळी दिली, घाम फुटला, झोप लागली.

सकाळी सहाला ताप ९९.२. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आजी म्हणाल्या, “जरा बरं वाटतंय, पण अंगात त्राण नाही.” या क्षणी मोजलं असतं तर दिसलं असतं: नाडी ११२, बीपी ११२/६४, श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९५. बीपी ११२ पाहून कुणीही ‘नॉर्मल’ म्हणेल. पण एरवी १४८ असणाऱ्या बाईचं ते ३६ ने खाली आलंय. ज्याचं बीपी कायम चढं असतं, त्याच्यात वरचा आकडा ४० च्या आसपास उतरला की धोका समजायचा, मग तो आकडा पुस्तकात कितीही बरा दिसो.

इथे घरी करता येण्यासारखी एक सोपी तुलना आहे. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या शेजारी लिहा. निरोगी माणसात नाडी वरच्या बीपीच्या अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असते. आजींची एरवीची जोडी ८० आणि १४८, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त. सकाळी सहाची जोडी ११२ आणि ११२. नाडीने बीपीला गाठलंय. संसर्गाच्या पेशंटमध्ये असं दिसलं की तासाभरात हॉस्पिटल गाठायचं. मेटोप्रोलॉलसारखी नाडी आवरणारी गोळी चालू असेल तर ही तुलना फसते, कारण नाडी हवी तेवढी वाढत नाही. तिथे श्वास आणि शुद्धी यांच्यावर जास्त भर द्या.

ब्रिटनच्या हॉस्पिटलांत नर्स ज्या गुणतक्त्यावर पेशंट तपासतात, त्या NEWS2 प्रमाणेही सकाळी सहाला आजींचे ५ गुण भरतात: श्वासाचे २, नाडीचे २, ऑक्सिजनचा १. पाच गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने बघावं असा तिथला नियम. गंमत अशी की बीपीला तिथे शून्य गुण मिळतो, कारण तक्त्याला आजींचं एरवीचं बीपी ठाऊक नसतं. ते घरच्यांनाच ठाऊक असतं, म्हणून ते आठवणीने सांगायचं.

पुढे काय झालं? साडेसातला चहाबरोबर बीपीची गोळी नेहमीसारखी दिली. नऊला उलटी. अकराला आजी गुंगीत, नातीला लेकीच्या नावाने हाक मारतायत, बोलणं अडखळतंय. आता बीपी ८८/४६, नाडी १२४, श्वास २८, ऑक्सिजन ९३. रात्रीपासून लघवी एकदाच, थोडीशी, गडद. गुण १३ झाले.

घरी काय आणि कसं मोजायचं

संसर्ग असलेल्या माणसाला हुडहुडी भरली किंवा तो नेहमीसारखा वाटेनासा झाला, की दर दोन तासांनी कागदावर वेळ घालून नोंद ठेवा. पाच गोष्टी पुरतात.

श्वास: पेशंटला न सांगता, छातीकडे किंवा पोटाकडे बघत, पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूक होते. पेशंटला कळलं तर तो आपोआप श्वास बदलतो, म्हणून मनगट धरून नाडी बघितल्यासारखं करा. झोपलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २२ किंवा जास्त ही गंभीर खूण. सगळ्यात कमी मोजली जाणारी आणि सगळ्यात आधी बोलणारी गोष्ट हीच.

नाडी आणि बीपी: पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला, हात टेकवून. सैल किंवा लहान पट्टा बीपी खरं आहे त्याहून जास्त दाखवतो. डिजिटल मशीनने ‘Err’ दाखवलं की लोक बॅटरी बदलत बसतात. बीपी फार कमी असेल किंवा नाडी अनियमित असेल तरीही मशीन ‘Err’ देतं. दोनदा नीट लावूनही आकडा येत नसेल आणि तुमच्या स्वतःच्या हातावर येत असेल, तर बिघाड मशीनमध्ये नाही. बोटावरच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. बोट गार पडून रक्तप्रवाह कमी झाला की त्याला आकडा धरता येत नाही. आकडा न येणं हीच तिथे माहिती असते.

नखाची परीक्षा: बोटाचं टोक दहा सेकंद घट्ट दाबून पांढरं करा, सोडा आणि ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. रंग तीन सेकंदांच्या आत परतायला हवा. खोली गार असेल, पंखा थेट अंगावर असेल तर उशीर होतो, म्हणून आधी हात पांघरुणात ऊबदार करून घ्या. सावळ्या कातडीवर अंगाचा फिकेपणा किंवा निळसरपणा कळत नाही. ओठांची आतली बाजू, जीभ, तळहात आणि नखं उजेडात बघा. गुडघ्यांभोवती जाळीदार डाग दिसले तर रक्तपुरवठा फारच आटलाय.

शुद्धी: नुसता ‘कसं वाटतंय?’ असा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याला ‘बरंय’ हेच उत्तर येतं. आज वार कोणता, सकाळी कोण आलं होतं, दूधवाल्याचे किती द्यायचे, असं काहीतरी विचारा. म्हाताऱ्या माणसात ताप न येता नुसता गोंधळ, बरळणं, पडणं किंवा जेवण टाकणं एवढंच लक्षण असू शकतं. ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडायचं नाही, कारण वयामुळे होणारा विसर एका रात्रीत येत नाही.

लघवी: मूत्रपिंडाला रक्त पोचतंय का, याचा हा थेट पुरावा. मोठ्या माणसाला दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलीलीटर लघवी व्हायला हवी. ६० किलोला तासाला ३० मिली, म्हणजे सहा तासांत १८० मिली, एक लहान पेलाभर. जुना मोजमापाचा प्लॅस्टिक मग बाथरूममध्ये ठेवून द्या. सहा-आठ तास लघवीच नसेल तर पुढच्या तासाची वाट बघू नका.

थर्मामीटर मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. ताप उतरला हा पॅरासिटामॉलचा परिणाम असतो, त्यावरून जंतूंबद्दल काही कळत नाही. आणि ९६.८ फॅरनहाइटच्या खाली उतरलेलं अंग हे तापापेक्षा वाईट लक्षण आहे.

लहान मुलांना हे आकडे लावू नका. मुलांचं बीपी अगदी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम पडतं. तिथे मलूल होणं, दूध टाकणं, जलद श्वास आणि गार पाय यांवरच निघायचं.

निघण्यापूर्वी: काय द्यायचं नाही

बीपीची गोळी थांबवा. टेल्मिसार्टनचा परिणाम चोवीस तास टिकतो आणि अ‍ॅम्लोडिपिन त्याहूनही रेंगाळतं. आजींना साडेसातला दिलेली गोळी दिवसभर बीपीला खाली ओढत राहिली. रोजची गोळी चुकवू नये ही शिस्त चांगलीच आहे, पण त्या सकाळी आधी बीपी मोजायला हवं होतं आणि डॉक्टरांना फोन. मात्र हृदयाची औषधं किंवा स्टेरॉइडची रोजची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबलं तर त्यानेच बीपी कोसळू शकतं.

मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपाशीपोटी आणि आजारपणात या गोळ्यांनी साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मेटफॉर्मिनही अशा वेळी सहसा थांबवतात. इन्सुलिन मात्र न विचारता पूर्ण बंद करू नका. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघाच: गुंगी साखर उतरल्यानेही येते, आणि ती दुरुस्त करणं सोपं असतं.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन टाळा. रक्तपुरवठा कमी झालेल्या मूत्रपिंडाला ते आणखी अडचणीत आणतं. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही देऊ नका. त्याने जंतू मरत नाहीत, कल्चर मात्र कोरं येतं, आणि मग कोणतं औषध लागू पडेल हे कळायचा रस्ता बंद होतो. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी किंवा ग्लुकोज ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

‘एक सलाईन लावून घेऊ, संध्याकाळी बघू’ ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय. त्या सलाईनने तासभर तरतरी येते, आकडा दहाने सुधारतो, आणि घरी आणलेला पेशंट रात्री पुन्हा कोसळतो, कारण आतला पू जिथल्या तिथेच असतो.

कुठे न्यायचं आणि काय बोलायचं

जवळचं म्हणून कुठेही नेऊ नका. फोन करून तीन प्रश्न विचारा: आयसीयूत बेड आहे का, आत्ता सोनोग्राफी होईल का, आणि यूरोसर्जन येऊ शकतात का. कुशीत दुखणारा आणि बीपी उतरलेला पेशंट असेल तर तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

असं हॉस्पिटल दीड-दोन तासांवर असेल तर मात्र वाटेतल्या डॉक्टरांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात थांबणं फायद्याचं. तिथे एवढंच होऊ द्या: दोन शिरांत सुया, शक्य असेल तर कल्चरचं रक्त, अँटिबायोटिकचा पहिला डोस, सलाईन चालू, आणि दिलेल्या औषधाचं नाव व वेळ चिठ्ठीवर. मग लगेच पुढे. महाराष्ट्रात १०८ ची अँब्युलन्स बोलवताना ‘ताप आहे’ एवढंच सांगितलं तर निकड कळत नाही.

कॅज्युअल्टीत गर्दी असते, आणि ‘लघवीचं इन्फेक्शन, ताप’ म्हटलं की बाकावर बसवतात. आकड्यांत बोला: “लघवीचं इन्फेक्शन आहे, रात्री दहाला हुडहुडी भरली. बीपी एरवी १४८ असतं, आता ८८/४६ आहे. नाडी १२४, श्वास २८. सकाळपासून गोंधळल्यासारखं करतायत. रात्रीपासून लघवी एकदाच झाली. हा सेप्सिस असू शकतो का?” हा शेवटचा प्रश्न मोठ्याने विचारायला संकोचू नका. सोबत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, अ‍ॅलर्जी असेल तर तिचं नाव, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक झालं, कुठे अ‍ॅडमिट होते, याची माहिती. ही शेवटची गोष्ट डॉक्टरांचा निर्णय बदलते. भारतात लघवीतले ई-कोलाय जंतू नेहमीच्या गोळ्यांना आणि कित्येकदा नेहमीच्या इंजेक्शनांनाही दाद देत नाहीत. अलीकडे अँटिबायोटिक झालेलं असेल तर ही शक्यता आणखी वाढते आणि पहिलंच औषध वरचं निवडावं लागतं.

हॉस्पिटलातले पहिले तास

आजी ११.४० ला पोचल्या. आता घड्याळ लावून बघू, म्हणजे काय आणि का चाललंय हे नातेवाइकांना कळेल.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत दोन सुया आणि रक्त. कल्चरचं रक्त दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. ‘एवढं रक्त कशाला?’ म्हणून हटकू नका. दोन-तीन मिलीत जंतू सापडायची शक्यताच घटते. सोबत लॅक्टेट. पेशींचा कारभार बिघडला आणि त्यांना पुरेसं रक्त मिळेनासं झालं की रक्तात हे वाढतं. २ च्या आत चांगलं, आजींचं ४.६. मूत्रपिंड मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन एरवी १.०, आता २.३.

१२.१० ला अँटिबायोटिकचा पहिला डोस. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शंका असेल तर ओळखल्यापासून तासाभरात हा डोस जायला हवा, असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. शॉक नसेल आणि निदानच पक्कं नसेल, तर तपासण्या करून तीन तासांच्या आत निर्णय घ्यायची मुभा आहे. म्हणजे प्रत्येक तापाला धावपळीने भारी अँटिबायोटिक असा याचा अर्थ नाही. कल्चर आधी घ्यावं, पण शीर सापडत नाही म्हणून डोस पाऊण तासापेक्षा जास्त अडवू नये.

तास का मोजायचे? २००६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या आयसीयूंच्या नोंदींवरून निघालेला एक अभ्यास आहे. बीपी पडल्यापासून पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी जवळजवळ ८० टक्के वाचले, आणि पुढच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या उशिराने जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटलं. नंतरच्या अभ्यासांत उतार इतका तीव्र दिसला नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या १४९ हॉस्पिटलांच्या २०१७ च्या अभ्यासात प्रत्येक तासामागे मृत्यूची जोखीम साधारण ४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आकड्यांत वाद आहे, दिशेत नाही. उशीर सर्वांत जास्त नडतो तो आधीच शॉकमध्ये असलेल्यांना, कारण बीपी पडलेल्या प्रत्येक तासात मूत्रपिंड आणि आतडं उपाशी राहतं आणि एका टप्प्यानंतर जंतू मारूनही ते अवयव लगेच सावरत नाहीत.

सलाईनचं माप वजनावर: किलोमागे ३० मिली, पहिल्या तीन तासांत. ६० किलोला १,८०० मिली, म्हणजे ५०० मिलीच्या साडेतीनहून थोड्या जास्त बाटल्या. रिंगर लॅक्टेटसारखं द्रावण सहसा पसंत करतात. ग्लुकोजचं सलाईन यासाठी उपयोगाचं नाही, ते वाहिन्यांत टिकत नाही. हे सगळं एका दमात ओतत नाहीत. दर बाटलीनंतर बीपी, श्वास, नखाचा रंग आणि छातीतला आवाज बघतात. हृदय कमजोर असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर पाणी फुप्फुसात भरण्याची भीती असते, तिथे जास्तच जपून. पण ‘हार्ट पेशंट आहे’ म्हणून अजिबात न देणं हीही चूकच.

एक लिटरनंतर आजींचं बीपी ९२/४८. वरवर सुधारलंय. पण आयसीयूत बघतात तो सरासरी दाब: खालच्या आकड्यात, दोन आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. ४८ अधिक ४४ चा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण ६३. निदान ६५ हवा. म्हणून एक वाजता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चालू झालं. डॉक्टर ‘बीपीच्या सपोर्टवर आहेत’ म्हणतात तेव्हा बहुधा हेच. सैलावलेल्या वाहिन्या ते आवळून धरतं, पाइप पुन्हा नेहमीच्या रुंदीवर आणतं. मानेतली मोठी लाइन टाकेपर्यंत थांबायची गरज नसते. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून काही तास देता येतं, मात्र ते बाहेर झिरपून कातडी जळत नाही ना यावर नजर ठेवावी लागते. सुईजवळ दुखतंय, पांढरं पडलंय असं दिसलं तर लगेच सिस्टरना सांगा.

पाऊण वाजता पलंगाशेजारीच सोनोग्राफी झाली होती: उजवं मूत्रपिंड फुगलेलं, मूत्रवाहिनीत खडा अडकलेला. सगळ्या गोष्टींची किल्ली इथे आहे. खड्याच्या मागे लघवी नाही, दाबाखाली साठलेला पू असतो. अँटिबायोटिक रक्तातून तिथे धड पोचत नाही, आणि दाबामुळे जंतू उलटे रक्तात ढकलले जातात. वाट मोकळी केल्याशिवाय औषधाचा उपयोग मर्यादित. त्यासाठी लघवीच्या वाटेने डीजे स्टेंट ही बारीक नळी टाकतात, किंवा पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून पू बाहेर काढतात.

नेमकं इथे नातेवाईक अडतात: “आधी तब्येत सुधारू दे, मग ऑपरेशन बघू.” उलट आहे. निचरा होईपर्यंत तब्येत सुधारणारच नाही, म्हणून पेशंट थोडा स्थिर होताच, सहा ते बारा तासांच्या आत हे करतात. खडा त्या दिवशी काढत नाहीत. जंतूंनी भरलेल्या जागी खडा फोडायला गेलं तर सेप्सिस वाढतो. आजींना साडेपाचला स्टेंट पडला, गढूळ पुवाळ लघवी बाहेर आली. लॅक्टेट दुपारी तीनला ३.९ होतं, रात्री नऊला २.४.

सुधारतंय की नाही, कशावरून कळेल

डॉक्टरांना रोज विचारायचे प्रश्न थोडे आहेत. सपोर्टच्या औषधाचं माप वाढतंय की कमी होतंय? तासाची लघवी किती? लॅक्टेट उतरतंय का? निचऱ्यानंतर चोवीस तास होऊनही सपोर्ट वाढवावाच लागत असेल, तर दोनच शंका येतात: औषध जंतूला लागू पडत नाही, किंवा पू कुठेतरी अजून शिल्लक आहे. दुसरी शंका असेल तर सीटी स्कॅन करावा लागतो. कल्चरमध्ये जंतू वाढतायत की नाही हे बऱ्याचदा पहिल्या दिवसातच कळतं, पण कोणतं औषध लागू आहे याचा तक्ता यायला दोन-तीन दिवस लागतात. तो आला की वरचं अँटिबायोटिक उतरवून साधं करता आलं तर ते चांगलं लक्षण. ‘भारी औषध बंद का केलं?’ म्हणून घाबरू नका. पांढऱ्या पेशींचा आकडा मात्र रोज घोकू नका. पेशंट सुधारत असतानाही तो एक-दोन दिवस वाढलेला राहतो.

आजींचा सपोर्ट दुसऱ्या रात्री सुटला, घरी जाताना क्रिएटिनिन १.२ होतं. अशक्तपणा, झोप उडणं, विसरभोळेपणा हे आठवडे-महिने राहू शकतं. बीपीची गोळी घरी आल्याआल्या जुन्या मापाने सुरू करायची नाही. रोज बीपी लिहून ठेवायचं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, सांगतील तेवढीच. आणि स्टेंट आतच आहे. त्याने अधूनमधून कुशीत ओढल्यासारखं होतं, लघवीत थोडं रक्त दिसतं, दुखणं सरलं की लोक तो विसरून जातात. महिनोन्महिने राहिलेल्या नळीवर खडे चढतात आणि पुन्हा तेच इन्फेक्शन सुरू होतं. खडा आणि स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि तेच कार्ड घरातल्या कॅलेंडरला टाचून ठेवा.